गेटबाहेरचा एक तास: कारखान्यांचे सुरक्षा अधिकारी आणि कामगार संघटनांना खुले पत्र

प्रति,
सुरक्षा अधिकारी व कार्मिक विभागप्रमुख, तसेच कामगार संघटनांचे पदाधिकारी,
शिरवळ, खंडाळा, वाई, सातारा व कराड परिसरातील कारखाने

विषय: दुचाकीने कामावर येणाऱ्या कामगारांच्या कानांवर वाऱ्याच्या आवाजाचा पडणारा भार, आणि तो कमी करण्यासाठी कारखान्याला सहज करता येण्याजोग्या गोष्टी.

मान्यवर,

मी सातारा जिल्ह्यात श्रवणतज्ज्ञ म्हणून काम करतो आणि तुमच्यापैकी काही कारखान्यांत कामगारांची वार्षिक ऑडिओमेट्री करण्यासाठी येत असतो. आवाज असलेल्या विभागाच्या दारापाशी इअरप्लगचे खोके टांगलेले असते, भिंतीवर कानाचे निळे चित्र असते, आणि प्लग न लावता कोणी आत शिरले तर सुपरवायझर त्याला हटकतो. ही शिस्त लावायला तुम्हाला बरीच वर्षे लागली आहेत आणि तिचा उपयोग होतो, हे मला दरवर्षीच्या आलेखांत दिसते. मात्र शिफ्ट सुटली की तेच प्लग गेटजवळच्या डब्यात पडतात, हेल्मेट डोक्यावर चढते, आणि माणूस पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाऊण तास ऐंशीच्या वेगाने जातो. हे पत्र त्या पाऊण तासाबद्दल आहे, कारण अनेक कामगारांच्या बाबतीत दिवसभरातला सर्वांत मोठा आवाज त्यांच्या कानावर तिथेच पडतो.

हा प्रश्न माझ्यापुढे स्पष्टपणे आला तो एका तपासणीत. वाई तालुक्यातल्या एका गावातून मोटारसायकलने शिरवळच्या बाजूला येणारा, पस्तिशीच्या आतला कामगार माझ्यासमोर बसला होता. त्याच्या दोन्ही कानांच्या आलेखात ४००० हर्ट्‌झला ४० डेसिबलपर्यंत खाच उतरली होती आणि ८००० हर्ट्‌झला रेघ पुन्हा वर आली होती. मोठ्या आवाजाने कान गेल्याची ही ओळखीची खूण आहे. अडचण अशी होती की हा माणूस पॅकिंगला होता, आणि त्या विभागात शेजाऱ्याशी नेहमीच्या आवाजात बोलता येते. फटाके, मिरवणुकीतला डीजे, ढोल-ताशाचे पथक, कानात मोबाइलचे इअरफोन या सगळ्यांबद्दल विचारले. त्यातले काहीच त्याच्या नित्याचे नव्हते. शेवटी कामावर कसा येतोस असे विचारल्यावर त्याने सांगितले की सात-आठ वर्षे गाडीनेच, आणि आज सकाळीही उतरल्यावर अर्ध्या तासाच्या आत तो माझ्यापुढे आला आहे. त्याला साप्ताहिक सुट्टीनंतर, एसटीने येऊन, पुन्हा तपासणीला बसायला सांगितले. तेव्हा ४० चे ३० झाले होते. जे १० डेसिबल परत आले ते त्या सकाळच्या रस्त्याने तात्पुरते नेलेले होते. उरलेल्या ३० पैकी किती रस्त्याचे आणि किती आणखी कशाचे, हे केवळ आलेख पाहून कोणालाही सांगता येणार नाही. पण कानाला रोज सकाळ-संध्याकाळ असा थकवा येत राहिला तर त्यातला काही भाग कायमचा होतो, एवढे मात्र पक्के ठाऊक आहे.

हेल्मेट घातले की कान झाकले गेले, म्हणून आवाजापासूनही ते वाचले, असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात वेगाने जाणाऱ्या दुचाकीस्वाराला ऐकू येणारा मोठा आवाज बाहेरून हेल्मेटमध्ये शिरत नाही, तो हेल्मेटवरच तयार होतो. समोरून येणारी हवा हेल्मेटच्या कवचावरून घसरताना, काचेच्या कडेला आणि विशेषतः हनुवटीखालच्या उघड्या भागाशी फाटते आणि तिथे भोवरे होतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ती घुमते, तसे हेल्मेटच्या खालच्या तोंडाशी होते, आणि कान त्या घुमण्याच्या आतच असतात. हा आवाज मुख्यतः खालच्या पट्टीचा, घरघरीचा असतो. हेल्मेटमधला थर्माकोल आणि स्पंज वरच्या पट्टीचे आवाज बऱ्यापैकी अडवतात, पण खालच्या पट्टीचे फारसे अडवू शकत नाहीत. साधारण साठ-पासष्टच्या वेगापुढे इंजिन आणि सायलेन्सरपेक्षा वाराच मोठा होतो, त्यामुळे गाडी नवी आहे की जुनी याने महामार्गावर मोठा फरक पडत नाही.

याचा अर्थ हेल्मेट काढावे असा कोणी कृपया घेऊ नये. उघड्या कानाशी वारा त्याहून जास्त ओरडतो, आणि हेल्मेट ज्यासाठी आहे ते डोके तर वाचलेच पाहिजे. आयएसआय चिन्हाचे, पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट हीच या सगळ्याची सुरुवात आहे. फक्त कानांसाठी तेवढे पुरत नाही.

इंग्लंडमध्ये १९९० च्या दशकात दुचाकीस्वारांच्या हेल्मेटच्या आत, अगदी कानापाशी लहान मायक्रोफोन बसवून मोजमाप झाले. ताशी ६० किलोमीटरच्या आसपास तो आवाज सुमारे ९० डेसिबल आणि १६० च्या वेगाला ११० डेसिबलपर्यंत भरला. आपल्याकडच्या कामगाराच्या सत्तर-ऐंशीच्या वेगाला तो ९४ च्या आसपास धरला तर फार चूक होणार नाही. हेल्मेटचा घाट, गाडीची पुढची काच आणि माणसाची उंची यांनुसार तो काही डेसिबल कमी-जास्त होईल. गाडीची पुढची काच नेमकी हेल्मेटच्या खालच्या कडेवर वारा फेकत असेल तर तो वाढतोही.

आता हा आकडा तुमच्याच पद्धतीने मांडू या. आपल्या कारखाना नियमांत ८ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे, पण कान जपण्याच्या दृष्टीने मी अमेरिकेतील निऑश या संस्थेचा हिशेब वापरतो, कारण तो जास्त सावध आहे. त्यानुसार ८५ डेसिबलला ८ तास चालतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास आणि ९४ ला फक्त १ तास. एखादा कामगार प्रेस शॉपमध्ये आहे आणि तिथे दिवसभर ९२ डेसिबल आवाज आहे असे समजा. त्याने प्लग नीट लावले, त्यातून प्रत्यक्षात १२ डेसिबल कमी झाले, तर त्याच्या कानापर्यंत ८० पोचतात आणि ८ तासांत त्याचा दिवसाचा वाटा साधारण ३० टक्के भरतो. तोच माणूस येता-जाता मिळून दीड तास रस्त्यावर असतो. गाव, टोलनाका, घाटाची चढण आणि गर्दी वजा केली तर त्यातला एक तास खऱ्या वेगाचा धरू. त्या एका तासात ९४ डेसिबलने त्याचा वाटा पूर्ण १०० टक्के भरतो. दोन्ही मिळून १३० टक्के झाले, आणि त्यातले जवळजवळ तीन चतुर्थांश तुमच्या गेटच्या बाहेरचे आहेत. ज्या विभागासाठी तुम्ही खोके टांगले, तो विभाग या माणसाच्या कानाला कमी आणि रस्ता जास्त त्रास देतो आहे.

हाच हिशेब उपायही दाखवतो. त्याच कामगाराने तेच फोमचे प्लग हेल्मेटखाली लावले आणि १५ डेसिबल अडवले, तर ९४ चे ७९ होतात आणि रस्त्याचा वाटा १०० वरून ३ टक्क्यांवर येतो. त्यासाठी लागणारी वस्तू तुमच्या स्टोअरमध्ये आधीच पडलेली आहे.

हे सुचवले की पहिला प्रश्न येतो तो असा: मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला नाही तर काय? प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो. वेगात असताना हॉर्न ऐकू येतो की नाही हे ठरते ते हॉर्न आणि वारा यांच्यातल्या फरकावर. प्लग दोघांनाही खाली आणतो, त्यामुळे तो फरक साधारण तसाच राहतो. उलट ९४ डेसिबलच्या गोंगाटात कान इतका भरून गेलेला असतो की आवाज थोडा खाली आला की हॉर्न जास्त सुटा, जास्त स्वच्छ ऐकू येतो. प्लग लावून महामार्गावर गेलेले बहुतेक जण हेच सांगतात. मात्र हे वेगातल्या प्रवासाबद्दल खरे आहे. साताऱ्यात पोवई नाक्यावर किंवा राजवाड्याच्या गर्दीत, वीस-तीसच्या वेगाला वारा जवळजवळ नसतो, आणि तिथे प्लगमुळे शेजारची सायकलची घंटा किंवा कोणी मारलेली हाक हुकू शकते. म्हणून माझा सल्ला असा आहे की प्लग महामार्गासाठी लावावेत आणि शहरातच फिरायचे असेल तर लावू नयेत. ज्यांचे ऐकणे आधीच बरेच कमी झाले आहे त्यांनी मात्र तपासणी केल्याशिवाय रस्त्यावर प्लग वापरू नयेत, कारण वरच्या पट्टीतले जे आवाज त्यांना जेमतेम ऐकू येतात ते प्लगमुळे पूर्णच जाऊ शकतात. कान वाहत असेल, दुखत असेल किंवा मळाने बंद असेल तर आधी डॉक्टरांकडे जावे.

दुसरी अडचण लावण्याच्या पद्धतीची आहे, आणि माझ्या अनुभवात ती पहिलीपेक्षा मोठी आहे. खोक्यावर २९ किंवा ३३ असा आकडा छापलेला असतो, पण प्रत्यक्षात त्याच्या निम्मे मिळाले तरी ठीक म्हणावे लागते, कारण बहुतेक जण प्लग कानाच्या तोंडाशी नुसता टेकवतात. असा टेकवलेला प्लग खालच्या पट्टीचा आवाज, म्हणजे नेमका वारा, जवळजवळ अडवतच नाही. हात स्वच्छ आणि कोरडे हवेत. प्लग दोन बोटांत वळून अगदी बारीक, सुरकुती न पडू देता, वातीसारखा करावा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढावा, म्हणजे कानाची वाट सरळ होते. मग प्लग आत सारून बोटाने वीस-तीस सेकंद धरून ठेवावा, कारण तो फुगायला तेवढा वेळ लागतो; घाईत लगेच बोट काढले तर तो फुगता फुगता बाहेर सरकतो. नीट बसला की स्वतःचा आवाज जड आणि घुमल्यासारखा वाटतो, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला प्लग बाहेर डोकावताना दिसत नाही. मग दोन्ही कानांवर तळवे घट्ट दाबून पाहावे. आजूबाजूचा आवाज आणखी बराच कमी झाला, तर प्लग बसलेला नाही, काढून पुन्हा लावावा.

हेल्मेटमुळे यात आणखी एक गोष्ट येते. प्लग बाहेर राहिला असेल तर हेल्मेट चढवताना गालाजवळची गादी त्याला घासते आणि तो एका बाजूने सैल होतो, किंवा उलट टोचत राहतो, आणि माणूस तिसऱ्या दिवशी ते सोडून देतो. म्हणून रस्त्यासाठी लहान मापाचे, बिनदोरीचे प्लग द्यावेत. कारखान्यात दोरीचे प्लग हरवत नाहीत म्हणून सोयीचे असतात, पण हेल्मेटच्या पट्ट्यात ती दोरी अडकते, आणि लांबून ती इअरफोनच्या वायरसारखी दिसते. इअरफोन लावून गाडी चालवणाऱ्याला वाहतूक पोलिसांनी अडवणे योग्यच आहे. साध्या फोमच्या बोळ्याची त्याच्याशी गल्लत होऊ नये, म्हणून कारखान्याने जिल्हा वाहतूक शाखेशी एकदा बोलून घ्यावे असे मला वाटते. फोमचा प्लग मळला, किंवा दाबल्यावर पुन्हा फुगेनासा झाला, की टाकून द्यावा.

कापसाच्या बोळ्याबद्दल नेहमी विचारले जाते. कापूस गार वारा अडवतो, आवाज फारसा अडवत नाही, त्यामुळे कान जपल्याचे फक्त समाधान मिळते. गळ्याभोवतीचा स्कार्फ किंवा मफलर मात्र उपयोगी आहे. तो हेल्मेटच्या खालच्या तोंडात नीट खोचला तर भोवऱ्यांना जागा कमी मिळते आणि आवाज थोडा उतरतो. काच पूर्ण खाली ओढल्यानेही फरक पडतो. हे प्लगच्या जोडीला करावे, त्याच्याऐवजी नव्हे. वेगाचा परिणाम मात्र लोकांना वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. ऐंशीऐवजी साठने गेले तर त्याच अंतराला वेळ एक तृतीयांशाने वाढतो आणि तरीही कानावरचा एकूण भार जवळजवळ निम्मा होतो. भुईंज ते शिरवळ एवढ्या अंतरात त्यासाठी दहा मिनिटेही जास्त लागत नाहीत.

बस आणि रिक्षाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथला प्रश्न वेगळा आहे. एसटीत किंवा कंपनीच्या बसमध्ये बसून येणाऱ्याच्या कानाला तासाभराच्या प्रवासाने सहसा इजा होत नाही. उघड्या खिडकीचा आवाज त्रासदायक असला तरी तो दुचाकीच्या जवळपासही जात नाही. तिथला धोका प्रवासी स्वतः निर्माण करतो. बसच्या घरघरीवर मात करण्यासाठी मोबाइलचा आवाज वाढवला जातो आणि कानात थेट ९० च्या पुढे जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकता येते, आणि त्यापुढे वेळ झपाट्याने कमी होते. बसमध्ये ऐकायचेच असेल तर कानाची वाट बंद करणारे, रबरी टोकाचे इअरफोन वापरून आवाज खाली ठेवावा. रिक्षाचालकाला वाऱ्याचा त्रास नाही, पण तो दहा-दहा तास उघड्या बाजूंनी बसलेला असतो आणि ट्रक-बसचे हॉर्न त्याच्या कानाच्या उंचीवर वाजतात. त्याला प्रवाशाचे बोलणे ऐकायचे असल्याने प्लग सुचवता येत नाहीत. सायलेन्सर वेळेवर दुरुस्त करणे आणि वर्षातून एकदा ऐकण्याची तपासणी करणे एवढेच त्याच्या हातात आहे. कर्कश आणि अनेक सुरांचे हॉर्न मोटार वाहन नियमांनी केव्हाच बंद केलेले आहेत. तुमच्या कारखान्यात माल घेऊन येणाऱ्या ट्रकना ते असतील तर गेटवरच तपासून परत पाठवण्याचा अधिकार तुम्हाला आहे, आणि तो वापरावा.

आता तपासणीविषयी एक विनंती, जी खास सुरक्षा अधिकाऱ्यांना आहे. ऑडिओमेट्रीपूर्वी कान किमान १४ तास मोठ्या आवाजापासून लांब असावेत हा नियम तुम्ही जाणता, आणि म्हणूनच तपासणी शिफ्टच्या आधी ठेवता. पण कामगार त्याच सकाळी महामार्गावरून गाडीने आलेला असेल तर ही विश्रांती त्याला मिळालेली नसते, आणि आलेखात तात्पुरता थकवा कायमच्या नुकसानीसारखा दिसतो. नव्या कामगाराची पहिली तपासणी अशा थकलेल्या कानाने झाली तर ती आणखी घातक ठरते, कारण पुढची खरी घट त्या खोट्या पायाच्या तुलनेत दिसतच नाही. तपासणीच्या दिवशी या कामगारांना बसने आणावे, किंवा निदान प्लग लावून यायला सांगावे. अर्जावर एक रकाना वाढवावा: कामावर कशाने येता, आणि महामार्गावर किती वेळ असता. मी ज्या अर्जांवर काम करतो त्यांत हा रकाना नसतो.

कामगारांना स्वतःला ओळखता येईल अशी खूणही सांगावी. घरी पोचल्यावर कानांना दडे बसल्यासारखे वाटणे, रात्री शांततेत बारीक शिट्टी ऐकू येणे, आणि रात्री ठेवलेला टीव्हीचा आवाज सकाळी लावल्यावर फार मोठा वाटणे, ही कान थकल्याची लक्षणे आहेत. आतल्या कानातल्या केसासारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत, आणि सुरुवातीला माणसाला बहिरेपण जाणवतही नाही. लोक पुटपुटतात असे त्याला वाटू लागते, कारण स, श, च, थ यांसारखे वरच्या पट्टीतले बारीक आवाज आधी जातात. गर्दीत सात म्हटले की साठ ते कळत नाही, आणि लहान मुलांचे बोलणे अर्धेच पोचते.

या पत्राचा एक गैरवापर होऊ शकतो, म्हणून दोन्ही बाजूंना स्पष्टपणे लिहितो. आवाजामुळे येणारे बहिरेपण हा कायद्याने नोंदवावा लागणारा व्यावसायिक आजार आहे आणि त्याला भरपाई मिळते. कामगार गाडीने येतो म्हणून त्याचे कान रस्त्याने गेले, असे म्हणून कोणत्याही व्यवस्थापनाने ही जबाबदारी झटकू नये. जिथे विभागात ९० डेसिबल आहेत तिथे आधी मशीनचा आवाज कमी करणे हेच काम आहे. आणि संघटनांनीही रस्त्याचा विषय काढला की आपली बाजू कमकुवत होईल या भीतीने तो टाळू नये. कान त्याच माणसाचे आहेत आणि भार दोन्हीकडून पडतो.

तुम्ही करावे असे मला वाटते ते एवढेच: बिनदोरीचे प्लग गेटपाशी बाहेर पडण्याच्या बाजूला ठेवावेत आणि ते घरी नेण्याची उघड परवानगी द्यावी. एखाद्या सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये प्रत्येकाकडून ते हेल्मेटसह लावून घ्यावेत, नुसते दाखवू नयेत. आणि वाई, भुईंज, सातारा या बाजूंनी एकाच शिफ्टला येणारे पुरेसे कामगार असतील तर बसचा विचार करावा. गेटवर प्लग ठेवायला सुरुवात केलीत तर पुढच्या वार्षिक तपासणीच्या आधी मला कळवा. त्या कामगारांचे आलेख मी वेगळे काढून, नावे न देता, मागच्या वर्षीच्या आलेखांशेजारी ठेवून तुम्हाला आणि संघटनेला एकाच वेळी देईन.

आपला,
एक श्रवणतज्ज्ञ, सातारा